चेहऱ्यावरचे उन्हाचे डाग: काळ्या डागाआधी खरखरीत डाग शोधा

घरातल्या वयस्कर माणसाला माझ्याकडे दाखवायला आणणारे नातेवाईक जवळजवळ नेहमी एकाच डागावर बोट ठेवतात, चेहऱ्यावरच्या सगळ्यात काळ्या डागावर. "डॉक्टर, हा दोन वर्षांत मोठा झालाय, कॅन्सर तर नाही ना?" तो डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतो. पण त्याच चेहऱ्यावर दोन-चार बोटं पलीकडे, कपाळावर किंवा कानाच्या कडेला, कातडीच्याच रंगाची एक खरखरीत जागा असते आणि ती कोणीच पाहिलेली नसते. कित्येकदा ती त्या आजोबांच्या नखांना मात्र ठाऊक असते. सवयीने ते तिथली खपली खरवडत असतात आणि ती पुन्हा धरत असते.

काळा सपाट डाग म्हणजे सोलर लेंटिगो. उन्हाने त्या जागी रंगद्रव्य जास्त साठलेलं असतं, एवढंच. खरखरीत जागा ही अ‍ॅक्टिनिक केराटोसिस असू शकते. तिथे वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी बिघडलेल्या असतात. तो कॅन्सर नव्हे, पण त्यातून कॅन्सर होऊ शकतो, म्हणून त्याला कॅन्सरपूर्व बदल म्हणतात.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत केराटोसिस कमी दिसतो, कारण आपलं रंगद्रव्यच बऱ्यापैकी राखण करतं. तरी काही घरांनी लक्ष ठेवायलाच हवं. गोरा वर्ण आणि घारे डोळे असलेली, जन्मभर शेतात, बागेत किंवा होडीवर राबलेली माणसं त्यात येतात. जन्मतः रंगद्रव्य नसलेले लोक, मूत्रपिंड किंवा यकृत बदललेले रुग्ण आणि ऑस्ट्रेलियासारख्या कडक उन्हाच्या देशात अनेक वर्षं राहिलेले आपले लोकही येतात. टक्कल असलेल्या पुरुषांना धोका जास्त, कारण डोक्यावरची केसांची सावलीच गेलेली असते.

पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळे होतात. आधी काहीतरी लावलं जातं, मग पाहिलं जातं आणि दाखवायचं शेवटी सुचतं.

## १. तपासणीआधी चेहरा रिकामा करा

तपासणी सकाळी खिडकीजवळ करा. ट्यूबलाइटच्या समोरून पडणाऱ्या उजेडात उंचसखलपणा कळत नाही. खिडकी माणसाच्या बाजूला हवी, म्हणजे उजेड गालावर तिरका पडतो आणि उंचवट्याची बारीक सावली दिसते.

चेहरा साध्या पाण्याने धुऊन, टिपून, वीस मिनिटं कोरडा होऊ द्या. क्रीम, पावडर, खोबरेल तेल काही नको. तेल लावलेली जागा हाताला मऊ लागते आणि तपासणीच फसते. पुरुषांनी दाढी आदल्या संध्याकाळी करावी. वाढलेली खुंटं बोटाला खरखरीत लागतात आणि त्याच सकाळी दाढी केली तर ब्लेडबरोबर पापुद्राही निघून जातो. चष्मा आणि श्रवणयंत्र काढून ठेवा. गंध, कुंकू, टिकली पुसून घ्या.

टिकलीची गोष्ट जरा वेगळी आहे. कपाळाच्या बरोब्बर मध्यभागी, टिकलीच्याच आकाराचा खवलेदार किंवा पांढुरका डाग असेल, तर तो बहुधा टिकलीच्या गोंदाचा आहे. चष्म्याच्या पॅडखाली नाकाच्या बाजूला जाड झालेली जागा बहुधा चष्म्याने केलेली असते. अशा जागा वहीत "टिकली", "चष्मा" असं लिहून वेगळ्या ठेवा. टिकली महिनाभर बंद ठेवून किंवा पॅड बदलूनही जागा तशीच राहिली, तर तिला पुन्हा यादीत घ्या.

इशारा: गेल्या काही महिन्यांत डागांवर दुकानातून आणलेली "गोरेपणाची" किंवा "खाजेची" ट्यूब लावली असेल, तर ती टाकून देऊ नका, जपून ठेवा. अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि खवले तात्पुरते दबतात आणि डॉक्टरला खरं चित्र दिसत नाही. तो रिकामा डबाही डॉक्टरच्या कामाचा असतो.

## २. आधी बोटांनी शोधा, डोळ्यांनी नंतर

ही पायरी लोक गाळतात आणि नेमकी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. सुरुवातीचा केराटोसिस दिसण्याआधी हाताला लागतो.

तपासणाऱ्याने हात धुऊन कोरडे करावेत, डोळे मिटावेत आणि मधल्या दोन बोटांची पेरं त्वचेवरून अगदी हलकी फिरवावीत, पोळीवरचं पीठ झटकतो तितक्याच हलक्या हाताने. दाबलं तर खरखर कळत नाही. टकलापासून सुरुवात करून कपाळ, कानशिलं, कानांच्या वरच्या कडा, गालांचे उंचवटे, नाकाचा दांडा आणि शेंडा, खालचा ओठ असं खाली या. शेवटी मानेची मागची बाजू आणि हातांच्या पंजांची पाठ पाहा. कानांच्या कडा आणि खालचा ओठ विसरू नका. या दोन्ही जागी कॅन्सर झाला, तर तो इतर जागांपेक्षा लवकर पसरतो.

हाताला काय लागतं? पॉलिश पेपरचा बारीक तुकडा. किंवा ताटाला वाळून चिकटलेला भाताचा कण. मिठाच्या खड्याएवढ्या जागेपासून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेपर्यंत काहीही असू शकतं. कपाळावर अशा चार-पाच जागा एकाच पट्ट्यात सापडणंही नेहमीचंच. काही वेळा तुम्ही बोट फिरवताच आजोबा डोकं मागे घेतात, "तिथे चुरचुरतं" म्हणतात. तेही लिहून ठेवा.

डोळे उघडल्यावर त्या जागी काहीच दिसलं नाही तरी ती जागा खोडू नका. डोळ्याच्या साध्या काजळपेन्सिलीने तिच्याभोवती गोल करा.

पडताळा: साध्या कोरड्या त्वचेचं काय? तीही खरखरीत लागते, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. गोल केलेल्या जागांवर रोज रात्री साधी पेट्रोलियम जेली लावा, दोन आठवडे. कोरडेपणा असेल तर जागा गुळगुळीत होते आणि तशीच राहते. केराटोसिसचा खवला ओला राहून मऊ वाटेल, पण जेली बंद केल्यावर चार-सहा दिवसांत त्याच ठिकाणी खरखर परत येते. भुवयांत, नाकपुड्यांच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना सारखा, तेलकट पिवळसर आणि खाजरा कोंडा असेल, तर ती चेहऱ्यावर उतरलेली डोक्याच्या कोंड्याची तक्रार आहे. तिचं औषध वेगळं.

इशारा: खवला नखाने काढून पाहू नका. तो खालच्या थराला घट्ट धरलेला असतो. ओढला की झोंबतो, टाचणीच्या टोकाएवढं रक्त येतं आणि काही दिवसांत पुन्हा धरतो. शिवाय काढून टाकलेल्या जागेकडे पाहून डॉक्टरलाही नीट काही सांगता येत नाही.

## ३. आता डोळ्यांनी पाहा

खरखरीत जागा बाजूला ठेवल्यावर जे उरतात त्या रंगाच्या डागांकडे या.

सपाट, गुळगुळीत, एकाच छटेचा तपकिरी डाग. कड स्पष्ट, आकार मसुरापासून नाण्यापर्यंत, तिरक्या उजेडातही सावली नाही आणि बोट फिरवलं तर डाग कुठे सुरू झाला तेच कळत नाही. हा लेंटिगो. तो वर्षांच्या हिशेबाने हळूहळू गडद किंवा मोठा होतो. लेंटिगोचा कॅन्सर होत नाही. चेहऱ्यावर खूप लेंटिगो असणं म्हणजे या त्वचेने ऊन भरपूर खाल्लं आहे एवढीच खूण, आणि म्हणून त्याच चेहऱ्यावर पायरी दोन जास्त काळजीने करायची.

मेणासारखा, वरून चिकटवल्यासारखा उंचवटा. पृष्ठभाग खडबडीत, रंग तपकिरी ते काळा. हा सेबोरिक केराटोसिस. नावात केराटोसिस असल्यामुळे अहवाल वाचून लोक घाबरतात, पण त्याचा ऊन-कॅन्सरच्या केराटोसिसशी संबंध नाही. गालांवर आणि डोळ्यांभोवती पसरलेले, तिळाएवढे काळे, उंच ठिपके आपल्या त्वचेत फार दिसतात. तेही याच निरुपद्रवी कुळातले. त्यांना काही करायची गरज नसते.

वांग. दोन्ही गालांवर सारख्या ढगासारख्या पसरलेल्या, पुसट कडांच्या छटा. वांग वेगळं, लेंटिगो वेगळा. एकाचं क्रीम दुसऱ्यावर लावून उपयोग होत नाही.

इथे दोन फसवणारे डाग आहेत. एक म्हणजे तपकिरी *आणि* खरखरीत डाग. सावळ्या त्वचेत केराटोसिस कधीकधी गुलाबी न दिसता तपकिरीच दिसतो आणि लेंटिगो समजून सोडून दिला जातो. म्हणून रंग कोणताही असो, खरखर असेल तर तो दाखवायचाच. दुसरा सपाट आणि गुळगुळीतच असतो, पण त्यात फिकट, गडद, काळपट, राखाडी अशा दोन-तीन छटा मिसळलेल्या असतात, कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी वाकडीतिकडी असते आणि महिनोन् महिने तो पसरत राहतो. हा लेंटिगोच्या वेषातला मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर, असू शकतो. आपल्याकडे दुर्मीळ आहे, पण तो ओळखणं डॉक्टरवर सोडा.

## ४. नोंद ठेवा आणि घाई कधी करायची ते ठरवा

प्रत्येक संशयास्पद जागेचे दोन फोटो काढा. एक पूर्ण चेहऱ्याचा, म्हणजे जागा कुठे आहे ते कळेल, आणि एक जवळून, शेजारी शाळेची मोजपट्टी धरून. नाणं ठेवू नका. नाण्यांचे आकार बदलतात, मोजपट्टी बदलत नाही. फ्लॅश बंद ठेवा, कारण त्याने खवला चमकून दिसेनासा होतो. पुढच्या वेळी त्याच खिडकीत, त्याच वेळेला फोटो काढा.

सपाट, गुळगुळीत, एकाच रंगाच्या डागाला घाई नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो पुरे. जेलीच्या पडताळ्यानंतरही उरलेली खरखरीत जागा महिनाभरात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. एकेका केराटोसिसचा एका वर्षात कॅन्सर होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी धरतात आणि काही तर आपोआप जातात. म्हणून रात्रीची झोप उडवायची नाही. पण ज्या चेहऱ्यावर अशा दहा-पंधरा जागा आहेत, तिथे वर्षामागून वर्षं जातात तसा हिशेब वाढत जातो.

यांपैकी काही दिसलं तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा:

- खवल्याच्या खाली कडक गाठ लागते, चिमटीत धरता येते
- काही आठवड्यांत झपाट्याने वाढलं
- न खाजवता रक्त येतं, किंवा फुटलेली जागा महिनाभरात भरली नाही
- दाबल्यावर दुखतं
- मध्यभागी शिंगासारखं टोक वाढलं

मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांनी तर खरखर सापडली की लगेच दाखवावी. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे त्यांच्यात हा बदल पुढे फार लवकर सरकतो.

## ५. दाखवायला जाताना

फोटो, जुन्या ट्यूब आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. ते त्वचेला उन्हासाठी हळवी करतं आणि अनेक वर्षं घेतलेल्यांत त्वचेचा कॅन्सर थोडा जास्त आढळला आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका. फक्त डॉक्टरला सांगा, पर्याय असतात.

डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहतील. संशय असेल तर जागा बधिर करून छोटा तुकडा काढतील, म्हणजे बायोप्सी. "सुई लागली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं आणि दर वेळी मी तेवढ्याच ठामपणे सांगते, या आजारात बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. बायोप्सी टाळून वर्ष घालवलं तर मात्र तो आत उतरतो.

इशारा: दाखवण्याआधी डागावर चुना-सोडा, बिब्बा, लिंबू, ॲसिड काहीही लावू नका. चामखीळ जाळायचे हे गावठी उपाय डाग वरून जाळतात, पेशी खाली राहतात. वर व्रण धरतो आणि खालचं वाढलेलं वर्षभर दिसत नाही. बिब्ब्याने जळालेला गाल घेऊन आलेले आजोबा मी पाहिले आहेत. तो व्रण जन्माचा राहिला. ब्यूटी पार्लरमध्ये लेसर किंवा पील करून "डाग" काढणंही निदानाआधी नको. जे काढलं ते काय होतं, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

## ६. उपचार: एका चेहऱ्याची पूर्ण गोष्ट

नुसता लेंटिगो असेल तर उपचार ऐच्छिक आहे. नको असेल तर काहीच करू नका. काढायचाच असेल तर लेसरने फिकट होतो, पण आपल्या त्वचेत त्या जागी आणखी काळं होण्याचा धोका असतो, म्हणून आधी कानामागे किंवा कडेला छोटी चाचणी मागा.

केराटोसिसचा उपचार किती जागा आहेत त्यावर ठरतो. एक-दोन जागा असतील तर द्रव नायट्रोजनने गोठवतात. त्याचं तापमान उणे १९६ अंश असतं आणि फवारा काही सेकंदच मारतात. फोड येतो, खपली धरते, चेहऱ्यावर साधारण दहा दिवसांत पडते. अडचण अशी, की रंग बनवणाऱ्या पेशी थंडीला सगळ्यात आधी मरतात, त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर पांढरा ठिपका राहू शकतो. हे आधी विचारून घ्या.

अनेक जागा एका पट्ट्यात असतील तर बिघडलेल्या पेशी मारणारं फ्लुरोयुरासिल क्रीम. इथेच घरोघरी सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून एका रुग्णाची हकिगत नीट सांगते.

कोकणातले चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, घारे डोळे, पूर्ण टक्कल, चाळीस वर्षं आंब्याच्या बागेत. सूनबाईंनी त्यांना फेब्रुवारीत आणलं ते डाव्या गालावरच्या नाण्याएवढ्या काळ्या डागासाठी. तो लेंटिगो निघाला. पण बोटं फिरवताना कपाळावर आणि पुढच्या टकलावर नऊ खरखरीत जागा लागल्या आणि उजव्या कानाच्या कडेला आठ मिलिमीटरची एक जागा, तळाशी कडक, दाबल्यावर दुखणारी. आजोबांचं म्हणणं होतं की हंगाम सुरू होतोय, सगळं जूनमध्ये बघू. मी नऊ जागांसाठी जूनपर्यंत थांबायला लगेच तयार झाले. केराटोसिस सावकाश चालतो, आणि क्रीम लावून एप्रिलच्या उन्हात बागेत जाणं वाईटच. पण कानासाठी एक दिवसही देणार नाही म्हटलं. त्याच आठवड्यात बायोप्सी झाली, अहवालात सुरुवातीचा स्क्वेमस सेल कॅन्सर आला. पुढच्या पंधरवड्यात शस्त्रक्रियेने काढला आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कॅन्सर मागे राहिला नव्हता. सूनबाई त्या दिवशी गप्पच होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "आम्ही कानाकडे पाहिलंच नव्हतं."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, ढग दाटल्यावर, कपाळाचं क्रीम सुरू केलं. पाच टक्क्यांचं, दिवसातून दोनदा, तीन आठवडे. चेहरा धुऊन, पुसून, दहा मिनिटं थांबायचं. कपाळ आणि पुढच्या टकलाला मिळून वाटाण्याएवढं क्रीम, पातळ थर, फक्त खुणेच्या पट्ट्यावर नाही तर दाखवून दिलेल्या पूर्ण भागावर. डोळे, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे सोडून. मग हात साबणाने धुवायचे, विशेषतः नखांखाली.

पहिले चार दिवस काही झालं नाही आणि घरी फोन आला, "औषध लागू पडत नाही." पाचव्या-सहाव्या दिवशी गुलाबी छटा आली, चुरचुर सुरू झाली. दहाव्या दिवशी कपाळ लालबुंद, खपल्या धरू लागल्या. ज्या ठिकाणी आम्हाला बोटाला काहीच लागलं नव्हतं अशाही तीन जागा पेटून उठल्या. बिघडलेल्या पेशी त्याही जागी होत्या, औषधाने त्या शोधून काढल्या. याच दिवशी शेजारचे कोणीतरी म्हणाले, "अ‍ॅलर्जी झालीय, बंद करा." बरेच जण इथेच बंद करतात. अर्धा उपचार होतो आणि पुढच्या वर्षी जागा परत येतात. आजोबांनी फोन करून विचारलं, म्हणून निभावलं. तिसऱ्या आठवड्यात कपाळ भाजल्यासारखं दिसत होतं. एकविसाव्या दिवशी क्रीम थांबवलं, मग नुसती पेट्रोलियम जेली. तीन आठवड्यांत खालून नवी, गुलाबी त्वचा आली.

पडताळा, अपेक्षित लाली की काही बिघडलं? लाली आणि खपल्या क्रीम लावलेल्या भागापुरत्याच असतील, त्यांची कड सरळ तुटलेली दिसत असेल, तर ते औषधाचं काम आहे. पू, पसरत जाणारी सूज, वाढत जाणारं ठणकणं, ताप असेल तर जंतुसंसर्ग समजून दाखवा.

इशारा: क्रीम सुरू असताना तोंडात फोड, जोराचे जुलाब, ताप एकत्र आले तर क्रीम त्याच क्षणी थांबवून डॉक्टरकडे जा. काही लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइम जन्मतः कमी असतं आणि त्यांना ते विषासारखं बाधतं. घरात गरोदर बाई असेल तर तिने या ट्यूबला आणि क्रीम लावलेल्या भागाला हात लावू नये. कुत्रा-मांजर असेल तर ट्यूब वर ठेवा, उशीची खोळ रोज बदला आणि प्राण्याला चेहरा चाटू देऊ नका. थोडं क्रीमही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

## ७. नंतरची तपासणी आणि ऊन

क्रीम संपल्यावर आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा पायरी दोन. त्याआधी केलीत तर नवी त्वचा खडबडीत लागून घाबरायला होतं. तेव्हाही एखादी जागा खरखरीत उरली असेल, तर तिथे पुन्हा तेच क्रीम चोळत बसायचं नाही. ती जागा गोठवायची किंवा तिची बायोप्सी करायची. मग दर सहा महिन्यांनी तपासणी.

उन्हाच्या बाबतीत आपल्याकडची एक ठरलेली चूक म्हणजे टोपी. गांधी टोपी किंवा क्रिकेटची टोपी टक्कल झाकते, पण कान, कानशिलं आणि मान उघडी राहतात, आणि केराटोसिस नेमका तिथे येतो. बागेत जाताना चारी बाजूंनी तीन बोटं कड असलेली हॅट, किंवा डोक्याला-कानांना गुंडाळलेला पंचा.

सनस्क्रीन किमान तीस एसपीएफचं. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर ओढलेल्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक लोक त्याच्या चौथाईनेच भागवतात. टक्कल असेल तर आणखी एक रेघ. कानांच्या कडांना आणि खालच्या ओठालाही लावा. घराबाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, आणि घाम आला की दर दोन तासांनी. वय झाल्यावर काय उपयोग, असं आजोबा विचारतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात चाळिशीपुढच्या ५८८ लोकांवर एक उन्हाळाभर केलेली चाचणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये केराटोसिसची संख्या घटली, नुसतं साधं क्रीम लावणाऱ्यांमध्ये वाढली. म्हणजे आधीच झालेल्या जागाही काही प्रमाणात मागे हटतात, तेही एका हंगामात.

आमचे आजोबा ऑक्टोबरमध्ये तपासणीला आले तेव्हा कपाळ गुळगुळीत होतं. पुढच्या टकलावर एक जागा उरली होती, ती गोठवली. उजव्या कानाच्या कडेला टाक्याची पांढरी रेघ. गालावरचा काळा डाग होता तिथेच होता. सूनबाईंनी आजोबांच्या कानांच्या कडांवरून हलकी बोटं फिरवून दाखवली आणि विचारलं, "असंच ना?" असंच.